बँकेला पत्ता बदलण्याचं पत्र: इंग्रजीवरून हिंदी केलंय, कुणी तपासून देईल का?

तेरणाकाठ

मंडळी, एक पत्र नजरेखालून घालून द्या.

आई उमरग्याहून आता इथं छत्रपती संभाजीनगरला आमच्याकडं राहायला आली आहे. तिचं खातं उमरग्याच्या एका राष्ट्रीयीकृत बँकेत आहे. वडिलांच्या मागं मिळणारी फॅमिली पेन्शन, शेतमालाचे पैसे, पीकविमा सगळं त्याच खात्यात येतं, म्हणून खातं तिथंच ठेवायचं आहे. फक्त बँकेची पत्रं, कार्ड, चेकबुक इथल्या घरी यावं, एवढंच मागणं.

भाच्यानं इंग्रजीत पत्र लिहून दिलं. ते घेऊन त्याच बँकेच्या इथल्या शाखेत गेलो. काउंटरवरच्या मॅडम बिहारच्या, बोलायला चांगल्या. त्या म्हणाल्या, इंग्रजी घेते, पण हिंदीत दिलंत तर आम्हाला बरं पडेल, हिंदी पत्रं किती आली ते वर कळवावं लागतं. म्हटलं, ठीक आहे, घरी येऊन मीच हिंदी केलं. आता द्यायच्या आधी खात्री करून घ्यावी म्हणून इथं टाकतोय. फोनवर मराठीचाच कीबोर्ड आहे, इंग्रजी तसंच वाचून घ्या.

भाच्याचं इंग्रजी: "आय बेग टू स्टेट दॅट आय अ‍ॅम हॅविंग सेव्हिंग्ज अकाउंट इन युअर ब्रँच. नाऊ आय हॅव शिफ्टेड टू छत्रपती संभाजीनगर. काइंडली शिफ्ट माय अकाउंट टू द न्यू अ‍ॅड्रेस अँड डू द नीडफुल."

माझं हिंदी: "मैं विनंती करती हूँ कि आपकी शाखा में मेरा बचत खाता है। अब मैं छत्रपति संभाजीनगर में रहने को आई हूँ। कृपया मेरा खाता नए पत्ते पर स्थलांतरित करें और जरूरी कारवाई करें। आपकी विश्वासू," आणि खाली सही.

आणखी माहिती: आईच्या आधारवर अजून उमरग्याचाच पत्ता आहे. इथलं लाईट बिल माझ्या नावावर. खातं आई आणि मी असं जॉइंट आहे. पासबुकात आईच्या नावाला "बाई" लागलंय, आधारवर नाही. आई सही मराठीत करते.

कडबाकुट्टी

भाऊ, ते "खाता स्थलांतरित करें" आधी खोडा. आमचं तेच झालतं. बीडहून पुण्याला पोरगा गेला, त्यानं बँकेला लिवलं की अकाउंट नव्या पत्त्यावर ट्रान्सफर करा. बँकेनं खरंच केलं की! समदं खातं पुण्याच्या शाखेत. खाते नंबर तोच राहिला, पण आयएफएससी बदलला, अन् ज्या कारखान्याकडून उसाचे पैसे यायचे त्यांच्याकडं जुनाच कोड. पैसे अडकले. कामून अडकले ते कळायलाच लई वेळ गेला. बँकेची चूक म्हणावी तर कागदावर आमचंच वाक्य!

लिंबोणी

आधार सेंटरला जा, तिथं पत्ता बदलून घ्या, की बँकेत आपोआप बदलतो. मी तसंच केलं होतं. पत्र लिहायची काही गरजच नाही.

तेरणाकाठ

@कडबाकुट्टी, बाप रे. माझ्या डोक्यात तो अर्थ आलाच नव्हता.

@लिंबोणी ताई, आपोआप बदलतो का खरंच? मग माझा आधारवरचा पत्ता चार वर्षांपूर्वी बदललाय आणि माझ्या बँकेत अजून भाड्याच्या जुन्या घराचा दिसतोय, ते कसं?

जुनी_खतावणी

मी बँकेत आयुष्य काढलं. शेवटची काही वर्षं शाखेतलं राजभाषेचं कामही माझ्याकडंच होतं, त्यामुळं हे दोन्ही बाजूंनी पाहिलेलं आहे.

आधी लिंबोणी ताईंचं. आधारवर पत्ता बदलला म्हणून बँकेतला बदलत नाही. तुम्ही बँकेत जाऊन केवायसी करता, बोट लावता किंवा कागद देता, तेव्हा तो बँकेच्या नोंदीत येतो. ताईंनी मध्ये कधीतरी बोट लावलं असेल आणि तेव्हा बदलला असेल.

आता पत्र. तेरणाकाठ, तुमचं हिंदी जिथं अडलंय तिथं मूळ इंग्रजीच अडलेलं आहे. "शिफ्ट माय अकाउंट" हे वाक्य इंग्रजीतही चुकीचंच. हिंदी कितीही शुद्ध केलं तरी काउंटरवरचा माणूस खातं हलवायचं कसं ते बघणार. म्हणून भाषांतराच्या आधी आपल्याला नेमकं काय हवं ते ठरवा.

बँकेच्या संगणकात तुमचा पत्ता खात्याला चिकटलेला नसतो, ग्राहकाला चिकटलेला असतो. प्रत्येक ग्राहकाचा एक नंबर असतो, आम्ही त्याला सीआयएफ म्हणतो, पासबुकाच्या पहिल्या पानावर असतो. त्या नंबराखाली दोन पत्ते ठेवता येतात. एक कायमचा, म्हणजे ओळखीच्या कागदावर जो आहे तो. दुसरा पत्रव्यवहाराचा, जिथं टपाल जातं. तुम्हाला हवाय तो दुसरा. पहिल्याला हात लावायला सांगितलं तर क्लार्क आधार मागणार आणि आधारवर उमरगा दिसणार. तिथंच गाडी थांबते आणि मग तुम्ही म्हणता बँक काम करत नाही.

म्हणून पत्रात स्पष्ट लिहा: फक्त पत्रव्यवहाराचा पत्ता बदला, कायमचा आहे तसा ठेवा, खातं उमरगा शाखेतच राहू द्या. ही तीन वाक्यं असली की बाकीचं पत्र कसंही असलं तरी चालतं.

देवगिरी

जुनी_खतावणी सर बरोबर. पण एक भर घालतो. हिंदी राष्ट्रभाषा आहे, त्यामुळं बँकेला हिंदीतच पत्र द्यावं लागतं, इंग्रजी दिलं तर उत्तर द्यायला ते बांधील नाहीत. आणि जिल्ह्याचं नाव बदललंय, तर त्याच्या गॅझेटची प्रत पण जोडा, नाहीतर परत पाठवतील.

जुनी_खतावणी

देवगिरी, थोडं बरोबर, थोडं नाही. घटनेच्या कलम 343 मध्ये हिंदी संघराज्याची राजभाषा आहे. राष्ट्रभाषा असा शब्द तिथं नाही. इंग्रजी पत्रालाही बँक उत्तर देतेच. तुम्ही ऐकलंय ते राजभाषा नियम, 1976 मधल्या नियम 5 बद्दल. केंद्र सरकारच्या कार्यालयाला हिंदीत पत्र आलं तर उत्तर हिंदीतच द्यायचं, असा तो नियम. केंद्राच्या मालकीच्या कंपन्या आणि महामंडळंही त्यात येतात, म्हणून राष्ट्रीयीकृत बँका आल्या.

काउंटरवरच्या मॅडमचं म्हणणं त्यातूनच आलं. आवक रजिस्टरला पत्राची भाषा लिहायची, हिंदीत आलेली किती आणि त्यातल्या कितींना हिंदीत उत्तर गेलं हे तिमाही प्रगती रिपोर्टात भरायचं. मी स्वतः ते भरत असे. याचा ग्राहकाला एक फायदा आहे, तो फार कुणाला माहीत नाही. हिंदी पत्र आवक रजिस्टरला चढवायला शाखा उत्सुक असते आणि एकदा चढलं की त्याचं उत्तर द्यावं लागतं. इंग्रजी पत्र टेबलावरच्या ढिगाऱ्यात राहू शकतं. याचा अर्थ हिंदी पत्रावर काम लवकर होतं असा मात्र घेऊ नका. उत्तर येतं, एवढंच.

गॅझेटची गरज नाही. जुना पत्ता लिहिताना पासबुकात जसा छापलाय तसाच लिहा, "जिला उस्मानाबाद" असेल तर तेच. ती त्यांच्याकडची नोंद आहे, ती जुळली की काम झालं. धाराशिव लिहिलंत तर तरुण क्लार्कला, तेही बाहेरच्या राज्यातला असेल तर, हा वेगळाच पत्ता वाटतो.

मृण्मयी_नांदेड

मी कनिष्ठ महाविद्यालयात हिंदी शिकवते, म्हणून भाषेचं मी बघते, बँकेचं काकांनी बघावं.

तेरणाकाठ दादा, आपल्याकडची मुलं हिंदी लिहिताना मराठीचाच शब्द घेऊन शेवटी "करें" लावतात, तुमचंही तसंच झालंय. हिंदीत "पत्ता" म्हणजे झाडाचं पान किंवा खेळायचा पत्ता, आपला पत्ता म्हणजे "पता". "कारवाई" नाही, "कार्रवाई". "विश्वासू" हिंदीत नसतो, बाई लिहीत असतील तर शेवटी "भवदीया". खाली "सही" लिहिलंत तर वाचणाऱ्याला ते "बरोबर" असं वाटेल, तिथं "हस्ताक्षर" लिहायचं. "विनंती" ला "अनुरोध" किंवा "निवेदन".

आणि "बेग टू स्टेट", "नीडफुल" यांचं हिंदी करायच्या भानगडीतच पडू नका. ती वाक्यं काढली तरी पत्रात काही कमी होत नाही. हिंदी अर्जात पहिलं वाक्य सरळ "आपकी शाखा में मेरा खाता है" असं असतं.

पाटोदेकर

एक साधा प्रश्न. बाई मराठी, गाव मराठी, शाखा महाराष्ट्रात. मग भाच्यानं इंग्रजी लिहायचं, मुलानं त्याचं हिंदी करायचं आणि सही करणाऱ्या आईला दोन्ही नीट कळत नाही, हा उद्योग कशाला? मराठीत द्या. घेतलंच पाहिजे. रिझर्व्ह बँकेनं शाखांमधले फलक, फॉर्म स्थानिक भाषेतही ठेवायला सांगितलंय. भाषा येत नाही म्हणून पत्र नको असेल, तर तुम्ही भाषा शिका.

जुनी_खतावणी

पाटोदेकर, मराठी पत्र नाकारता येत नाही, हे मान्य. मीही अनेक घेतली, त्यांवर कामही केलं. पण ज्या शाखेत टेबलावरच्या दोघांना मराठी येत नाही तिथं ते पत्र तिसऱ्याची वाट बघत पडतं, हेही मी पाहिलंय. आईला कळत नाही हा तुमचा मुद्दा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. सही करण्याआधी मुलानं आईला वाचून दाखवावं, "खातं तिथंच राहील" हे विशेष सांगावं.

पाटोदेकर

म्हणजे शाखेची अडचण ग्राहकानं सोसायची. बरं.

तेरणाकाठ

पाटोदेकर, मुद्दा पटतो, पण मला आत्ता आईचं एटीएम कार्ड हवंय. जुनं संपत आलंय आणि नवं उमरग्याच्या कुलूपबंद घरी जाईल. भांडायला मी नंतर येईन तुमच्याबरोबर.

खतावणी काका, आता खरी अडचण. नव्या पत्त्याचा पुरावा काय देऊ? आईच्या नावावर इथं काहीच नाही.

देवगिरी

पुरावा लागतच नाही आता. पत्ता बदलला तर स्वयंघोषणा पुरते, रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. प्रिंट काढून त्यांच्या तोंडावर ठेवा.

जुनी_खतावणी

देवगिरींचं इथं जवळजवळ बरोबर आहे, आणि हाच या धाग्यातला कामाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

रिझर्व्ह बँकेच्या केवायसी निर्देशांत ठरावीक कागद आहेत: पासपोर्ट, वाहन परवाना, आधार, मतदार ओळखपत्र, मनरेगाचं जॉबकार्ड आणि राष्ट्रीय लोकसंख्या नोंदणीचं नाव-पत्ता असलेलं पत्र. त्यांवर चालू पत्ता नसेल तर तात्पुरतं म्हणून दोन महिन्यांच्या आतलं वीज, फोन, पाणी, पाईप गॅसचं बिल चालतं, घरपट्टीची पावती चालते, पत्ता असलेली पेन्शन ऑर्डर चालते, आणि मग तीन महिन्यांत खऱ्या कागदावर तो पत्ता आणून द्यायचा. हे सगळं ग्राहकाच्या स्वतःच्या नावाचं हवं. मुलाच्या नावचं बिल आणि मुलाचं "आई माझ्याकडं राहते" असं लिहून दिलेलं, आम्ही पूर्वी घ्यायचो. आता घेणं न घेणं शाखेवर. काही घेतात, काही परत पाठवतात.

स्वयंघोषणेची गोष्ट अशी. केवायसी ठरावीक काळानं ताजी करायची असते. कमी जोखमीच्या ग्राहकाची दहा वर्षांनी, मध्यम आठ, जास्त जोखमीची दोन. तेव्हा बाकी काही बदललं नसून फक्त पत्ता बदलला असेल, तर ग्राहकाचं स्वतःचं लेखी म्हणणं घ्यायचं आणि बँकेनं तो पत्ता दोन महिन्यांच्या आत स्वतः पडताळायचा, असं मे 2021 पासून आहे. पडताळणी म्हणजे त्या पत्त्यावर पत्र पाठवणं, माणूस पाठवणं किंवा चेकबुकासारखं काही पोचलं का ते बघणं. आता हे केवायसी ताजी करण्याच्या कलमात आहे. एखादा अधिकारी म्हणतो, तुमची मुदत अजून आलेली नाही, मग कागद आणा. दुसरा म्हणतो, चला, पत्त्याबरोबर केवायसीच ताजी करून टाकू. दोघंही त्यांच्या परीनं नियम वाचतात. म्हणून तोंडावर प्रिंट ठेवण्यापेक्षा पत्रातच विचारा की केवायसी अद्यतन करून पत्ता घ्यावा.

मला काय म्हणायचंय ते लक्षात घ्या. तुम्ही ज्याला अर्ज समजता तेच पत्र इथं पुरावा होतं. मग त्यात "मी अमुक तारखेपासून या पत्त्यावर राहते, असं जाहीर करते" हे वाक्य हवंच. भाच्याच्या इंग्रजीत ते नव्हतं, तुमच्या हिंदीत आलं नाही. त्याच्याशिवाय ते फक्त विनंतीपत्र आहे, घोषणा नाही.

आणि हे सगळं त्याच बँकेच्या कुठल्याही शाखेत देता येतं, उमरग्याला जायची गरज नाही.

मृण्मयी_नांदेड

मग मी काकांनी सांगितलेलं धरून मसुदा करते. चुकलं तर काका सांगा.

> सेवा में,
> शाखा प्रबंधक,
> (बैंक और शाखा का नाम)
> छत्रपति संभाजीनगर
>
> विषय: पत्राचार का पता बदलने तथा केवाईसी अद्यतन के संबंध में।
>
> महोदय/महोदया,
>
> आपके बैंक की उमरगा शाखा में मेरा बचत खाता है। खाता संख्या ............ और ग्राहक संख्या ............ है। इस खाते में मेरी पारिवारिक पेंशन जमा होती है।
>
> मैं घोषणा करती हूँ कि मैं दिनांक ............ से नीचे लिखे नए पते पर अपने पुत्र के साथ रह रही हूँ। मेरी अन्य जानकारी में कोई परिवर्तन नहीं है। अनुरोध है कि केवल मेरा पत्राचार का पता बदला जाए। स्थायी पता यथावत रखा जाए। मेरा खाता उमरगा शाखा में ही रहने दिया जाए।
>
> पुराना पता (पासबुक के अनुसार): ............
> नया पता: ............
>
> आधार की स्वहस्ताक्षरित प्रति तथा पुत्र के नाम का बिजली बिल संलग्न है। कृपया दूसरी प्रति पर मुहर और दिनांक सहित पावती दें।
>
> भवदीया,
> (हस्ताक्षर)
> नाम, मोबाइल संख्या
> स्थान, दिनांक

"शिफ्ट" कुठंच आलेलं नाही, बघा. आणि "स्थानांतरण" सुद्धा नाही.

जुनी_खतावणी

मृण्मयी ताई, उत्तम. शाखेतल्या हिंदी अधिकाऱ्यांनी इतकं सरळ लिहिलं असतं तर आमचे रिपोर्ट वाचता आले असते.

तीनच गोष्टी जोडतो.

नवा पत्ता हिंदीत लिहाच, पण त्याच्याखाली तोच इंग्रजी मोठ्या अक्षरांतही लिहा, लाईट बिलावर जसं आहे त्याच स्पेलिंगनं. बँकेच्या संगणकात पत्ता इंग्रजीतच टाकला जातो. देवनागरीतून क्लार्कनं स्वतःच्या मनानं इंग्रजी केलं की आपल्या गल्लीबोळांची नावं ओळखू येत नाहीत. बिहारच्या मॅडमनी "टिळकनगर" काय लिहावं, याचा भरवसा नाही. शिवाय पत्त्याच्या ओळींना अक्षरांची मर्यादा असते. "छत्रपती संभाजीनगर" हेच एवढं लांब की ते पत्त्याच्या ओळीत घातलं तर घर नंबर किंवा सोसायटी तुटते. शहराचं नाव वेगळ्या खान्यात यादीतून निवडायचं असतं, तिथं घाला म्हणावं. त्या यादीत काही ठिकाणी अजून औरंगाबादच दिसतं. 2023 मध्ये शहराचं आणि पुढं सप्टेंबरात जिल्ह्याचंही नाव बदललं तरी सगळ्या याद्या एकदम बदलल्या असं नाही. तिथं औरंगाबाद निवडलं गेलं तर वाद घालू नका. पिनकोड बरोबर आहे ना, तेवढं बघा, टपाल पिनकोडवर येतं.

दुसरं, आधारच्या प्रतीवर पहिले आठ आकडे काळे करा, शेवटचे चार दिसू द्या. 

तिसरं "बाई" चं. सही आणि नाव पासबुकाप्रमाणंच करा. नाव दुरुस्तीची मागणी याच पत्रात घुसवू नका. ती वेगळी प्रक्रिया आहे आणि ती अडकली की पत्ताही तिच्याबरोबर अडकतो. आपल्याकडं जुन्या खात्यांमध्ये "बाई", "राव", "अप्पा" लागलेले हजारो लोक आहेत, त्यात आईचा एक. मराठीतली सही मात्र काही अडचणीची नाही. पत्र कुठल्या भाषेत आहे त्याचा सहीशी संबंध नाही, खातं उघडताना दिलेल्या नमुन्याशी जुळली पाहिजे, बस.

कडबाकुट्टी

काका, जॉइंट खात्याचं राहिलं की. तेरणाकाठ भाऊंनी लिवलंय जॉइंट म्हणून. दोघांच्या सह्या लागतील का?

जुनी_खतावणी

बरं झालं आठवण केली. पत्ता ग्राहकाचा बदलतो, म्हणून आईच्या पत्त्यासाठी आईची सही. मुलाचा ग्राहक नंबर वेगळा आहे, त्याचा पत्ता त्याच्या वेगळ्या पत्रानं बदलेल, आईच्या पत्रानं नाही. खात्यावर पहिलं नाव कुणाचं ते बघा, साधारणपणे टपाल पहिल्या नावाच्या पत्त्यावर जातं. पहिलं नाव मुलाचं असेल आणि बदललाय आईचा पत्ता, तर चेकबुक परत उमरग्यालाच जाईल आणि लोक म्हणतील, पत्र देऊनही काही झालं नाही.

आणखी एक. जुन्या माणसांचे कधी कधी दोन ग्राहक नंबर निघतात, एक बचत खात्याचा, एक पूर्वी कधी केलेल्या मुदत ठेवीचा. एकाखालचा पत्ता बदलतो, दुसऱ्याखालचा राहतो. ठेवीची पावती असेल तर तिच्यावरचा नंबर पासबुकाशी ताडून बघा. वेगळा निघाला तर दोन्ही नंबर पत्रात लिहा.

लिंबोणी

मला वाटलं तेरणाकाठना आधारचाच पत्ता बदलायचाय. पण तोही बदलायलाच हवा ना कधीतरी? आईंच्या नावावर काही नाही तर कसा करणार?

जुनी_खतावणी

हवाच. त्यासाठी कुटुंबप्रमुखाच्या आधारानं पत्ता बदलायची सोय 2023 पासून आहे. आईच्या आधारवरून अर्ज करायचा, मुलाचा आधार नंबर कुटुंबप्रमुख म्हणून द्यायचा, नात्याचा कागद जोडायचा, रेशनकार्डावर दोघांची नावं असतील तर उत्तम. मग मुलानं त्याच्या बाजूनं तीस दिवसांच्या आत ऑनलाईन मंजुरी द्यायची. ती द्यायची राहिली की अर्ज आपोआप रद्द. अनेकांचं तिथंच अडतं, कारण प्रमुखाच्या आधारला मोबाईल जोडलेला नसतो. ते झालं की मग बँकेत कायमचा पत्ताही बदलता येईल, तेव्हा मृण्मयी ताईंच्या मसुद्यातलं "यथावत" वाक्य बदला.

तेरणाकाठ

अपडेट देतो.

पत्र दोन प्रतींत दिलं. मॅडमनी वाचलं आणि "केवल पत्राचार का पता" याखाली स्वतः पेनानं रेघ ओढली. दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक नंबर मिळाला. लाईट बिलावर माझं नाव बघून त्यांनी आधी मान हलवली, पण मग आत अधिकाऱ्याशी बोलून आल्या आणि केवायसीचा छापील फॉर्म भरून घेतला. आईचं बोटही लावून घेतलं. म्हणजे काकांनी सांगितलेला दुसरा प्रकार.

नंतर पासबुकाचं पहिलं पान नव्यानं छापून मागितलं. पत्ता आलाय, शहर औरंगाबाद असंच आलंय, पिनकोड बरोबर. पहिलं नाव आईचंच निघालं. घरी एक पत्र आलं, हिंदीत, की आपके पत्र के संदर्भ में पता दर्ज किया गया है. आईनं ते वाचलं आणि विचारलं, मंजे कार्ड इथंच येणार ना?

कार्ड अजून आलेलं नाही.

जुनी_खतावणी

पासबुक बघितलंत ते चांगलं केलंत, तोच खरा पुरावा. पण कार्डाचं एक लक्षात ठेवा. जुनं कार्ड संपायच्या आधी नवं आपोआप निघतं, आणि ते पत्ता बदलायच्या आधीच छपाईला गेलं असेल तर जुन्याच पत्त्यावर रवाना होतं. उमरग्याच्या शाखेला फोन करून विचारा की परत आलेल्या टपालात आहे का. घर बंद असेल तर पोस्टमन परत पाठवतो आणि बऱ्याचदा ते शाखेत येऊन पडतं.

पाटोदेकर

चला, काम झालं, आनंद आहे. तरी मराठी पत्राचं माझं म्हणणं कायम आहे. पुढच्या वेळी मी आमच्या शाखेत मराठीतच देणार आणि पावती घेणार.

मृण्मयी_नांदेड

द्या आणि काय होतं ते इथं लिहा. मला खरंच उत्सुकता आहे.

देवगिरी

एक विचारायचं राहिलं. माझं खातं नागरी सहकारी बँकेत आहे. तिथं हिंदीत पत्र दिलं तर त्यांनाही हिंदीतच उत्तर द्यावं लागेल ना, त्या नियम 5 प्रमाणं?

जुनी_खतावणी

नाही. सहकारी बँक केंद्राच्या मालकीची नसते, तशी खासगी बँकही नसते. पत्त्याचे केवायसी नियम त्यांना तेच आहेत, भाषेचा हा नियम नाही. तिथं सरळ मराठीत द्या.